पीएमएस, एआयएफ की म्युच्युअल फंड? पन्नास लाखांच्या दाराआडचा हिशेब

समजा, पुण्यातील एक गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून त्यांच्या खात्यात ६५ लाख रुपये जमा झाले आहेत. दुसऱ्याच आठवड्यात बँकेच्या शाखेतून दूरध्वनी येतो आणि एक तरुण अधिकारी घरी येऊन सांगतो, ‘‘काका, म्युच्युअल फंड सर्वसामान्यांसाठी असतात. तुमच्यासारख्यांसाठी पीएमएस असते. तेथे पन्नास लाखांखाली कोणाला घेतच नाहीत.’’ या वाक्यातील शेवटचा भाग खरा आहे, परंतु त्यातून जो अर्थ सुचवला जातो तो खरा नाही. किमान रकमेची अट ही सेवेच्या दर्जाची पावती नव्हे. ती नेमकी कशासाठी आहे आणि त्या दाराच्या आत गेल्यावर खर्चाचा हिशेब कसा बदलतो, हे समजून घेतल्याशिवाय त्या अर्जावर सही करू नये.

प्रथम तिन्ही प्रकारांची रचना थोडक्यात पाहू. म्युच्युअल फंडात लाखो गुंतवणूकदारांचे पैसे एका योजनेत एकत्र होतात आणि प्रत्येकाला युनिट मिळतात. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, अर्थात पीएमएसमध्ये पैसे एकत्र होत नाहीत. समभाग गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या नावाने घेतले जातात आणि व्यवस्थापक मुखत्यारपत्राच्या आधारे त्यांची खरेदी-विक्री करतो. पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे एआयएफ, हा पुन्हा एकत्रित निधीच असतो. मात्र तो जाहिरात करून सर्वांना विकता येत नाही, मोजक्या लोकांनाच खासगीरीत्या देऊ करता येतो. एका योजनेत एक हजारांहून अधिक गुंतवणूकदार घेता येत नाहीत आणि त्याचे पैसे नवउद्योग, असूचिबद्ध कंपन्या, खासगी कर्जे, स्थावर मालमत्ता किंवा वायद्यांच्या गुंतागुंतीच्या व्यवहारांतही जाऊ शकतात.

किमान रकमेचा अर्थ

म्युच्युअल फंडात आज १०० किंवा ५०० रुपयांपासून सुरुवात करता येते. पीएमएसची किमान रक्कम ‘सेबी’च्या १९९३ च्या नियमावलीखाली दीर्घकाळ ५ लाख रुपये होती. २०१२ मध्ये ती २५ लाख झाली आणि २०२० च्या नव्या नियमावलीने ५० लाखांवर नेली. एआयएफसाठी २०१२ च्या नियमांनी सर्वसाधारण गुंतवणूकदाराला एक कोटी रुपयांची अट घातली आहे. वीस वर्षांपूर्वी ५ लाखांत जी सेवा मिळत असे, तिच्या दारातील उंबरठा दहापट उंच झाला. तो सेवा दहापट चांगली झाली म्हणून नव्हे. ज्याच्याकडे एवढी रक्कम आहे त्याला जोखीम पेलता येते, करार वाचता येतो किंवा वाचणारा सल्लागार ठेवता येतो, असे नियामकाने गृहीत धरले आहे. त्या गृहीतकाच्या बदल्यात व्यवस्थापकाला अधिक मोकळीक दिली आहे. सर्वसाधारण समभाग योजनेला एका कंपनीच्या समभागांत दहा टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही. पीएमएसमध्ये अशी सरसकट मर्यादा नाही आणि पंधरा-वीस कंपन्यांतच सर्व पैसे असणे तेथे नेहमीचे आहे. किमान रकमेमुळे वाढते ती वाचण्याची जबाबदारी, आणि ती गुंतवणूकदाराच्या अंगावर येते.

आपल्या सेवानिवृत्त गृहस्थांच्या बाबतीत गृहीतक नेमके येथेच फसते. ६५ लाख ही त्यांची शिल्लक संपत्ती नसून उर्वरित आयुष्याची शिदोरी आहे. त्यातील ५० लाख पीएमएसमध्ये गेले तर तीन-चतुर्थांशाहून अधिक रक्कम पंधरा-वीस समभागांवर अवलंबून राहील. शिवाय एक अट बहुतेकांना सहीनंतर कळते. पीएमएसमधून अंशतः पैसे काढता येतात, पण काढल्यानंतर उरलेले मूल्य किमान रकमेखाली जाता कामा नये. म्हणजे मूल्य ५८ लाख असेल तर ८ लाखांपर्यंत रक्कम काढता येईल. बाजार पडून मूल्य ४८ लाखांवर आले, तर नवे पैसे भरण्याची सक्ती नसते, पण आजारपणासाठी २ लाख हवे असतील तर ते मिळणार नाहीत. खाते बंद करूनच बाहेर पडावे लागेल, तेही बाजार खाली असताना. बाहेर पडण्याचे शुल्क पहिल्या वर्षी ३ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्क्यापर्यंत घेण्याची मुभा आहे, त्यानंतर मात्र ते घेता येत नाही. मासिक खर्चाला आधार हवा असलेल्या माणसासाठी ही अट शुल्काच्या टक्क्यांहूनही महत्त्वाची ठरते.

वाढ वीस टक्के, हातात किती?

म्युच्युअल फंडाचा खर्च हा एकच आकडा असतो. योजनेच्या एकूण मालमत्तेच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक खर्च ‘सेबी’ आकारू देत नाही, योजना जसजशी मोठी होते तसतशी ही मर्यादा खाली येते आणि दररोज जाहीर होणाऱ्या निव्वळ मालमत्ता मूल्यातून खर्च आधीच वजा झालेला असतो. प्रवेश शुल्क ऑगस्ट २००९ मध्ये बंद झाले. जानेवारी २०१३ पासून वितरकाविना घेता येणाऱ्या ‘डायरेक्ट’ योजना आल्या आणि त्यांत वितरकाचे कमिशन नसल्याने खर्च कमी असतो.

पीएमएसमध्ये व्यवस्थापनाच्या स्थिर शुल्कावर अशी कमाल मर्यादा नाही, ते करारावर सोडले आहे. सर्वसाधारणपणे तीन पर्याय दिले जातात. केवळ स्थिर शुल्क, केवळ नफ्यातील वाटा किंवा दोन्हींचे मिश्रण. मर्यादा आहे ती दलाली वगळून होणाऱ्या इतर कामकाजाच्या खर्चावर, आणि ती वर्षाला सरासरी मालमत्तेच्या अर्ध्या टक्क्याची आहे. दलाली प्रत्यक्ष होईल तेवढी वेगळी. आगाऊ शुल्क घेण्यास बंदी आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू. गणित सोपे राहावे म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या रकमेवर खर्च धरू आणि दलाली दोन्हीकडे सोडून देऊ. ५० लाख रुपये मिश्र पर्यायात ठेवले. स्थिर शुल्क दीड टक्का, इतर खर्च ०.३० टक्का, आणि १० टक्क्यांच्या वर जो नफा होईल त्यात व्यवस्थापकाचा १५ टक्के वाटा. पहिल्या वर्षी समभागांचे मूल्य २० टक्क्यांनी वाढून ६० लाख झाले. यातून स्थिर शुल्क ७५,००० रुपये, त्यावरील १८ टक्के जीएसटी १३,५०० रुपये आणि इतर खर्च १५,००० रुपये गेले. उरले ५८,९६,५०० रुपये. दहा टक्क्यांची रेषा ५५ लाखांवर आहे, म्हणून वरचे ३,९६,५०० रुपये वाटणीस पात्र ठरले. त्याचे १५ टक्के म्हणजे ५९,४७५ रुपये आणि त्यावर जीएसटी सुमारे १०,७०६ रुपये. अखेर खात्यात राहिले सुमारे ५८ लाख २६ हजार. दहा लाखांच्या वाढीतून सुमारे १ लाख ७४ हजार खर्चात गेले आणि वीस टक्क्यांचे साडेसोळा टक्के झाले.

आता हेच ५० लाख एखाद्या समभाग योजनेत ठेवले आणि तिच्या समभागांचे मूल्यही तितकेच वाढले असे धरू. सर्व मिळून पावणेदोन टक्के खर्च असलेल्या नियमित योजनेत ५९,१२,५०० रुपये राहतील. पाऊण टक्का खर्च असलेल्या डायरेक्ट योजनेत ५९,६२,५०० रुपये. म्हणजे पीएमएसच्या व्यवस्थापकाला केवळ नियमित योजनेशी बरोबरी करण्यासाठी वीसऐवजी सुमारे २२ टक्के वाढ मिळवावी लागेल. सलग दोन टक्के अधिक मिळवणारे व्यवस्थापक असतात, नाही असे नाही. पण ते आधी ओळखता येतात का, हा वेगळा प्रश्न आहे. आणि ओळखता आले नाहीत तरी शुल्क द्यावे लागतेच.

नफ्यातील वाट्याबाबत गुंतवणूकदाराच्या बाजूने एक चांगला नियम आहे. त्याला ‘हाय वॉटर मार्क’ म्हणतात. पुराच्या पाण्याची खूण जशी भिंतीवर राहते, तशी खात्याने गाठलेल्या सर्वोच्च मूल्याची खूण राहते आणि ती ओलांडल्याशिवाय पुन्हा नफ्यात वाटा मागता येत नाही. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षी बाजार १५ टक्के घसरला असे समजा. स्थिर शुल्क तरीही कापले जाईल आणि मूल्य सुमारे ४८ लाख ३२ हजारांवर येईल. पहिल्या वर्षी दिलेला नफ्यातील वाटा परत मिळत नाही. दोन वर्षांनंतर गुंतवणूकदार मुद्दलाखाली आहे आणि तरी ‘नफ्यातील वाटा’ देऊन बसला आहे. तिसऱ्या वर्षी १८ टक्के वाढ होऊन मूल्य ५७ लाखांवर गेले तरी खूण सुमारे ५८ लाखांवर असल्याने वाटा द्यावा लागणार नाही, हा झाला नियमाचा लाभ.

पण हा लाभ त्याच खात्यापुरता असतो. दुसऱ्या वर्षाच्या घसरणीने वैतागून आपले गृहस्थ दुसऱ्या पीएमएसकडे गेले, तर प्रथम त्यांना खिशातून सुमारे १ लाख ६८ हजार घालून ५० लाख पुरे करावे लागतील. नव्या खात्यात खूण पुन्हा ५० लाखांपासून सुरू होईल आणि तिसऱ्या वर्षीच्या त्याच १८ टक्के वाढीत नव्या व्यवस्थापकाला वाटा मिळेल. जुने नुकसान भरून निघत असताना त्यावर शुल्क द्यायचे, असा हा प्रकार. ‘जुनी पीएमएस चालत नाही, ही घ्या’ हा सल्ला घसरणीनंतर अधिक ऐकू येतो, हे येथे नमूद करणे गैर ठरू नये. वितरकाला आता आगाऊ कमिशन देता येत नाही, गुंतवणूक टिकेल तोवरच ते मिळते. तथापि नवीन खाते त्याच्या नावावर आले की त्याचा प्रवाह सुरू होतो.

कराचाही फरक आहे. पीएमएसमधील प्रत्येक विक्री ही कायद्याच्या दृष्टीने तुमचीच विक्री. व्यवस्थापकाने वर्षाच्या आत विकून ४ लाखांचा नफा मिळवला तर २३ जुलै २०२४ पासूनच्या दरांनुसार २० टक्के, म्हणजे ८०,००० रुपये अधिक उपकर, त्याच वर्षी भरावे लागतात. म्युच्युअल फंडाने योजनेच्या आत कितीही खरेदी-विक्री केली तरी तुम्ही युनिट विकेपर्यंत कर लागत नाही आणि समभाग योजनेत वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. कर टळत नाही, पुढे जातो. परंतु पुढे गेलेल्या कराची रक्कम दरम्यान वाढत राहते. पीएमएसचे जाहीर आकडे आणि तुमच्या विवरणपत्रातील अनुभव यांत अंतर पडते त्याचे हे एक कारण आहे.

पारदर्शकता : कोणाला काय दिसते?

‘पीएमएसमध्ये सर्व काही दिसते’ असे सांगितले जाते आणि एका अर्थी ते बरोबर आहे. कोणता समभाग कोणत्या दिवशी किती भावाने घेतला हे स्वतःच्या खात्यात दिसते, किमान दर तिमाहीला अहवाल येतो. पण ही पारदर्शकता आत गेल्यानंतरची आहे. म्युच्युअल फंडाची बाहेरून दिसते. कोणीही एक रुपयाही न गुंतवता योजनेचे रोजचे मूल्य, महिनाअखेरचे सर्व समभाग आणि खर्चाचे प्रमाण पाहू शकतो. निर्णय घेण्यापूर्वी उपयोगी पडते ती ही दुसरी. शिवाय बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीवर वृत्तपत्रे, विश्लेषक आणि प्रतिस्पर्धी यांचे डोळे असतात. हा पहारा एकट्या गुंतवणूकदाराला परवडणारा नाही.

पीएमएसच्या कामगिरीचे आकडेही आता ‘सेबी’ आणि व्यवस्थापकांची संघटना ‘एपीएमआय’ यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. त्यासाठी परतावा मोजण्याची एकच पद्धत सक्तीची आहे. ती पैसे केव्हा आले-गेले याचा परिणाम वगळते आणि व्यवस्थापकाचे कौशल्य तेवढे मोजते. म्हणूनच तो आकडा धोरणाचा असतो, तुमच्या खात्याचा नसतो. एकाच धोरणातील दोन खाती वेगळ्या महिन्यांत सुरू झाली तर त्यांतील समभाग आणि भाव वेगळे असतात, निकालही वेगळे येतात. म्युच्युअल फंडात एकाच योजनेच्या एकाच पर्यायात एकाच दिवशी शिरलेले दोघे नेहमी सारखेच राहतात.

अर्थात दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना गुंडाळल्या तेव्हा त्यांतील कमी पतीचे रोखे मासिक तक्त्यांत छापलेलेच होते. गुंतवणूकदारांना पैसे नंतर टप्प्याटप्प्याने मिळाले, पण हवे तेव्हा मिळाले नाहीत. तक्ता प्रसिद्ध होतो, वाचतो कोण, हा प्रश्न तेथेही होता.

एआयएफमध्ये सर्वांत कमी दिसते. पहिल्या दोन वर्गांतील निधी किमान तीन वर्षांचे आणि बंदिस्त असतात. असूचिबद्ध कंपनीला रोजचा बाजारभावच नसल्याने मूल्यांकन वर्षातून एक-दोनदा होते आणि ते अखेर एक अंदाज असतो. योजनेचे माहितीपत्रक दीडदोनशे पानांचे असू शकते आणि ते फक्त संभाव्य गुंतवणूकदारालाच दिले जाते.

एआयएफच्या शुल्काबाबत दोनच जागा पाहाव्यात. एक म्हणजे शुल्क कशावर आकारले जाते. एक कोटीची कबुली देताना सर्व रक्कम लगेच मागितली जात नाही, ती हप्त्याहप्त्याने घेतली जाते. पहिल्या वर्षी २० लाखच मागितले आणि दोन टक्के शुल्क मात्र कबूल केलेल्या एक कोटीवर असेल, तर ते २ लाख होते. कामाला लागलेल्या पैशांच्या ते दहा टक्के आहे, जीएसटी निराळा. आणि पुढचा हप्ता चुकला तर दंडाची कलमे असतात, म्हणून उरलेले ८० लाख जोखमीच्या ठिकाणी ठेवता येत नाहीत. दुसरी जागा म्हणजे ‘कॅच-अप’ हा शब्द. दहा टक्क्यांच्या वरच्या नफ्यात २० टक्के वाटा असे ठरले आणि १०० रुपयांवर २० रुपये नफा झाला, तर कॅच-अप नसताना वाटा वरच्या दहा रुपयांवर, म्हणजे २ रुपये. पूर्ण कॅच-अप असल्यास रेषा ओलांडताच सर्व २० रुपयांवर वाटा मोजला जातो आणि तो ४ रुपये होतो. माहितीपत्रकातील एका शब्दाने शुल्क दुप्पट झाले.

मग हे प्रकार कोणासाठी? ज्याच्याकडे घर, विमा, ठेवी आणि म्युच्युअल फंड यांची पायाभरणी झाल्यावरही कोट्यवधी उरतात, आणि ज्याला मोजक्या समभागांची तीव्र चढउतार सोसते, त्याला चांगली पीएमएस उपयोगी पडू शकते. मोठ्या योजनेला छोट्या कंपन्यांत शिरणे अवघड जाते, लहान पीएमएसला ते जमते, हा खरा फायदा आहे. पन्नास लाख ही ज्याच्या एकूण गुंतवणुकीची दहा-पंधरा टक्के रक्कम आहे, त्याने ती द्यावी, असा माझा अंदाज. दरम्यान एप्रिल २०२५ पासून ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ हा दहा लाखांचा मधला प्रकार म्युच्युअल फंडांच्याच चौकटीत आला आहे. त्यालाही लवकरच ‘निवडकांसाठी’ हे विशेषण चिकटेल.

आपल्या पुण्याच्या गृहस्थांनी तरीही पुढे जायचे ठरवले, तर ‘सेबी’च्या संकेतस्थळावर व्यवस्थापकाचा नोंदणी क्रमांक पडताळून पाहावा. पीएमएसचा क्रमांक INP या अक्षरांनी सुरू होतो. वितरकाविना थेट खाते उघडण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे, तो मागावा. वर्षभरात २० टक्के वाढ, २० टक्के घट आणि जैसे थे, अशा तिन्ही स्थितींत किती शुल्क लागेल याचा तक्ता कागदावर घ्यावा आणि घटीच्या रकान्यातील आकडा आधी वाचावा. अनेक वर्षांचे शुल्क मोजून दाखवणारे साधनही व्यवस्थापकाने ग्राहकाला द्यायचे असते. शुल्काच्या परिशिष्टावर ग्राहकाची स्वतंत्र सही लागते आणि ‘मला शुल्काची रचना समजली आहे’ अशा आशयाचे वाक्य त्याने स्वतःच्या अक्षरांत लिहायचे असते. बँकेचा अधिकारी ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर तयार करून आणतो आणि नुसते उतरवून काढायला सांगतो, त्या वेळी लेखणी खाली ठेवून त्याला वरचे उदाहरण सोडवायला सांगावे.